पोहणाऱ्याला भेट घेताय? 'फोटो पाठवा, साइज आम्ही सांगतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझे ४,३९९ रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही असं सगळे म्हणतात आणि ते ऐकून डोकं आणखी फिरतं. बायको वर्षभर सकाळच्या बॅचला पोहायला जाते. वाढदिवसाला तिला गॉगल, कॅप आणि बॅग द्यायची होती, तीही तिला न विचारता. नेमका हाच धागा त्या इन्स्टाग्राम पेजने पकडला होता. चेहऱ्याचा समोरून काढलेला फोटो पाठवा, बरोब्बर मापाचं हॅम्पर घरी येईल. हॅम्परचे २,८४९ आणि कॅपवर नाव छापायचे ३५०, दोन्ही यूपीआयने आगाऊ.

पैसे देण्याआधी मी विचारलं होतं, गॉगलचा नाकावरचा तुकडा बदलता येतो का? उत्तर आलं, 'सर, फ्री साइज आहे.' तिथेच थांबायला हवं होतं! मापाचं देतो म्हणून फोटो मागवता आणि माल फ्री साइज? ही ओळ मी आजही उघडून वाचतो आणि चिडतो. पण त्यांनी लगेच पोहणाऱ्यांचे फोटो, गिऱ्हाइकांचे कौतुकाचे मेसेज धडाधड पाठवले. भेट गुपचूप घ्यायची म्हटल्यावर माणूस असाच कुणावर तरी विसंबतो. यात मी काय वेगळं केलं?

गॉगल एकसंध कडक प्लास्टिकचा निघाला. दुसऱ्याच फेरीत डाव्या डोळ्यात पाणी. पट्टा आवळला, तर डोळ्यांभोवती लाल वळं उठली आणि पाणी यायचं ते आलंच. टँकवरच्या कोचनी हातात घेऊन मिनिटात सांगितलं की पट्टा आवळून गळती थांबत नाही. गॉगलची मऊ कड डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर सगळीकडून टेकली पाहिजे. ती टेकते की नाही हे खोबणीच्या खोलीवर आणि नाकाच्या उंचीवर ठरतं, आणि समोरून काढलेल्या फोटोत या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. म्हणजे त्यांचं 'माप' पहिल्यापासून खोटं होतं. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर नुसता दाबायचा. दोन-तीन सेकंद आपोआप चिकटून राहिला तर बसतो, लगेच पडला तर नाही. दुकानात जाऊन हे करा. गुपित राखायचं असेल तर तिच्या जुन्या गॉगलचा पट्टा आणि कडा बघा, बऱ्याचदा मॉडेलचं नाव तिथे असतं. तेच घ्या, किंवा वेगवेगळ्या मापांचे नाकाचे तुकडे सोबत येतात तो घ्या.

कॅप 'प्रीमियम सिलिकॉन' म्हणून विकलेली. पाकीट उघडलं तर रबराचा वास, आत पावडर. पातळ लेटेक्स होतं ते, काढताना केस ओढणारं, आणि चौथ्या-पाचव्या वेळी नावाच्या छपाईपाशीच फाटलं. बायकोचे केस कमरेपर्यंत आहेत. लांब केसांसाठी मागे जास्त जागा असलेली सिलिकॉनची कॅप वेगळी मिळते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी तर केसांबद्दल विचारलंसुद्धा नाही. बॅगेतला 'ओला कप्पा' म्हणजे साधं कापडी अस्तर. ओल्या कॉस्च्यूमचं पाणी झिरपून कोरडा टॉवेल भिजला. किकबोर्ड तर आत जातच नाही. बॅग घेताना बोर्डाची रुंदी मोजून न्या.

तक्रार केली तर म्हणे बदलून देतो, आधी १,२०० परत मिळणारं डिपॉझिट भरा. आधीचे ३,१९९ अडकलेले, म्हणून भरले. त्यानंतर उत्तर आलं की गॉगल-कॅप अंगाला लागलेला माल आहे, परत घेता येत नाही. मग ब्लॉक.

पोलीस चौकीत विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" वापरून दाखवू का, असं मी म्हणालो तर सायबरला जा म्हणाले. सायबरवाल्यांनी रक्कम ऐकून पुन्हा चौकीकडे पाठवलं. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे लुबाडणारा मोकळा आणि अर्ज, झेरॉक्स, रांगा माझ्या वाट्याला! एका खिडकीवर तर ऐकवलं की पोहायचा चष्माच आहे ना, दुसरा घ्या. लाख रुपये गेल्याशिवाय चोरी धरायचीच नाही, असं कुठे लिहिलंय?

तेच फोटो घेऊन ते पेज आता नव्या नावाने चालू आहे. दिसलं तर पैसे देऊ नका. दिले असतील तर ब्लॉक होण्याआधी चॅटचे आणि यूपीआय व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट काढा, मग त्याच दिवशी १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. मालाबद्दलची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी करा. आणि बदलून देण्यासाठी डिपॉझिट मागितलं, तर एक रुपयाही पुढे भरू नका.