आत्याच्या साठीचा व्हॉइस नोट: पूर्ण लिहून की मुद्द्यांवर?

सोलापूरच्या आत्याला साठाव्या वाढदिवसाला मिनिटभराचा व्हॉइस नोट पाठवायचाय. मिनिटात निवांत बोलून साधारण शंभर-सव्वाशे शब्द बसतात.

पूर्ण लिहून घेतलं की काही सुटत नाही, वेळही पाळता येते. पण हात कागदावर गेला की भाषा पत्राची होते: "आपण आम्हां सर्वांना नेहमीच प्रेम दिले." हे वाचलं की लगेच कळतं. वेग एकसारखा राहतो, प्रत्येक वाक्याशेवटी आवाज सारखाच खाली येतो, श्वास अर्थाऐवजी ओळ संपते तिथे घेतला जातो.

मुद्द्यांवर बोलायचं तर चिठ्ठीवर एवढंच: गड्ड्याची जत्रा, शेंगा चटणीचा डबा, गुडघा. मग तोंडून येतं: "आत्या, गड्ड्यावर माझा हात घट्ट धरून चालायचीस बघ... आणि तो चटणीचा डबा! होस्टेलवर दोन दिवसांत संपायचा." मधला तो थांबा आठवणीचा असतो, तो लिहून आणता येत नाही. धोका एकच, शेवट सापडत नाही आणि "बाकी काय, मजेत ना" करत दोन मिनिटं होतात.

म्हणून माझं मत मुद्द्यांना, फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. फारच अडखळत असाल तर पूर्ण लिहा, पण आधी बोला आणि तेच उतरवा: "दिले" नाही, "दिलंस". दोनदा मोठ्याने वाचा, कागद उलटा ठेवा, मग रेकॉर्ड करा.