31 मार्च ते 30 जून : एमआरआरचा ब्रिज दाखवून झालेली फसवणूक

जळगावातल्या दोघा व्यापाऱ्यांनी कृषी केंद्रांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यावर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत 20 टक्के वाटा घेतला. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. पण ज्या एका पानावर हा सौदा ठरला, ते पान नीट समजून घ्या, कारण तसंच पान पुन्हा कुणाच्या तरी पुढ्यात येणार आहे.

पानावर ब्रिज होता, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतची वाढ-घट खांबांनी दाखवणारा वॉटरफॉल चार्ट. डावीकडे 31 मार्चचा एमआरआर, म्हणजे दर महिन्याला ठरून येणारं भाडं, 4,80,000 रुपये. मग नवे ग्राहक +1,10,000, जुन्या ग्राहकांकडची वाढ +45,000, गेलेले ग्राहक −15,000. उजवीकडे 30 जूनचा एमआरआर 6,20,000. बेरीज बरोबर जुळते. वर्षाचे 74,40,000 धरून त्याच्या दुपटीने कंपनीची किंमत लावली आणि 20 टक्क्यांचे 29,76,000 रुपये मोजले गेले.

बेरीज जुळली की माणूस निर्धास्त होतो, आणि पाणी मुरतं ते तिथेच. ब्रिजमधली बेरीज कोणीही जुळवून देतो. तपासायचं असतं ते कोणता ग्राहक कोणत्या रकान्यात टाकला आहे.

आधी तारखा बघा. खानदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये कृषी केंद्रांची पेठ थंड असते. खरिपाची गर्दी सुरू होते मे अखेरीस, आणि जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याला उसंत नसते. महिन्याच्या भाड्यावरची पुष्कळ दुकानं मंदीत सॉफ्टवेअर बंद करतात आणि हंगामात परत घेतात. 31 मार्चला सुरू आणि 30 जूनला बंद केलेल्या ब्रिजमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत गेलेली दुकानं दिसतच नाहीत, परतलेली मात्र दिसतात. या कंपनीने परतलेल्या प्रत्येक दुकानाला नवा ग्राहक क्रमांक दिला होता. त्यामुळे +1,10,000 पैकी 64,000 रुपये चोपडा, पाचोरा, यावल भागातल्या, मागच्या हंगामातल्याच दुकानांचे निघाले. खरे नवे फक्त 46,000. याने शेवटचा आकडा बदलत नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ते 64,000 पुढच्या मंदीत पुन्हा जाणार असतात, आणि घेणारा त्याला 12 ने गुणून बसलेला असतो.

यावर उपाय म्हणजे ग्राहक क्रमांक बाजूला ठेवून जीएसटीआयएनवर, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकावर, यादी लावणं. त्याच्या 15 अक्षरांतली तिसरी ते बारावी म्हणजे पॅन. नोंदणी रद्द करून त्याच पॅनवर पुन्हा घेतली असेल, तरी ही दहा अक्षरं तीच राहतात. दुकान बापाकडून मुलाकडे गेलं असेल तर पॅन बदलतो, काही लहान दुकानांना जीएसटी नसतोच. तिथे मोबाइल नंबर आणि पत्ता जुळवावा लागतो. वेळखाऊ काम आहे, पण दोन-तीनशे दुकानांची यादी एका दिवसात होते.

दुसरी गोम गेलेल्या ग्राहकांत होती आणि ती सर्वांत महाग पडली. लेखी अर्ज देऊन सेवा बंद करणाऱ्यालाच कंपनी ‘गेलेला’ म्हणत होती. दुकानदार अर्ज देत नाही, तो पैसे देणं थांबवतो. एप्रिलपासून एक रुपयाही न दिलेल्या दुकानांना दर महिन्याला बिल फाडलं जात होतं आणि त्यांचे 52,000 रुपये एमआरआरमध्ये जिवंत होते. या बिलांवर महिन्याला 18 टक्क्यांनी 9,360 रुपये जीएसटी खिशातून भरावा लागतो. मोठा सौदा होणार असेल तर तेवढा खर्च परवडतो. सौदा झाल्यावर क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारी नोट, काढून इथे तो कर समायोजितही केला गेला.

म्हणून नुसता जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचा जीएसटीकडे भरलेला तपशील, बघून समाधान मानू नका. तो पोर्टलवरून समोर बसून उतरवून घ्यावाच, त्यात बिलनिहाय जीएसटीआयएन मिळतो आणि क्रेडिट नोटाही दिसतात. पण बिल निघालं म्हणजे पैसे आले असं नाही. पैसे बँक स्टेटमेंटमध्येच दिसतात. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांची जमा ग्राहकनिहाय लावा. 60 दिवसांत काहीच न देणाऱ्याला गेलेला धरा. नंतर त्याने दिले तर परतलेल्यांत टाकता येतं.

तिसरी चलाखी लहान, पण नेहमीची. महिना 1,000 देणाऱ्या तीन दुकानांनी जूनमध्ये वर्षाचे 10,000 एकदम भरले. कंपनीने प्रत्येकाचा जूनचा एमआरआर 10,000 लिहिला आणि 27,000 ‘वाढ’ दाखवली. खरं तर 10,000 भागिले 12 म्हणजे 833. तिघांची मिळून 500 रुपयांची घट.

ग्राहकांची यादी हाती आली की काम सोपं आहे. A रकान्यात पॅन किंवा मोबाइल नंबर, B मध्ये 31 मार्चचं मासिक भाडं, C मध्ये 30 जूनचं, दोन्ही जीएसटी वगळून. 60 दिवस काहीच न देणाऱ्याचं C मध्ये शून्य, आणि वर्षाचं एकदम भरलं असेल तर भागिले 12. D मध्ये त्या पॅनवर निघालेल्या पहिल्या बिलाची तारीख आणि G1 मध्ये सुरुवातीची तारीख. E2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IF(AND(B2=0,C2>0),IF(D2>$G$1,"नवे","परतलेले"),
 IF(AND(B2>0,C2=0),"गेलेले",
 IF(C2>B2,"वाढ",IF(C2<B2,"घट","तसेच"))))
```

मग प्रत्येक प्रकाराची बेरीज:

```
=SUMIFS(C:C,E:E,"नवे")-SUMIFS(B:B,E:E,"नवे")
```

या कंपनीचा ब्रिज असा निघाला: 4,80,000, नवे +46,000, परतलेले +64,000, वाढ +18,000, घट −500, गेलेले −67,000, शेवट 5,40,500. म्हणजे 79,500 हवेत होते. त्याच हिशोबाने 20 टक्क्यांची किंमत 25,94,400 होते, म्हणजे 3,81,600 जास्त गेले. शिवाय जुन्या ग्राहकांकडून टिकलेलं उत्पन्न, नवे आणि परतलेले सोडून, दाखवलं होतं 106 टक्के. ते 90 टक्क्यांच्याही किंचित खाली आलं. हे आधी दिसलं असतं तर दुप्पट भाव लागलाच नसता.

चार्टचंही थोडं. उभा अक्ष शून्याऐवजी 4,00,000 पासून सुरू केला होता, त्यामुळे 29 टक्के वाढलेला शेवटचा खांब डोळ्याला पहिल्याच्या पावणेतीन पट दिसत होता. एक्सेलच्या तयार वॉटरफॉलमध्ये शेवटच्या खांबाला `Set as total` केलं की त्या सेलमध्ये हाताने टाइप केलेला आकडाही तसाच उभा राहतो, तो मधल्या खांबांच्या बेरजेशी जुळतो का हे एक्सेल बघत नाही. पीडीएफ घेऊ नका, फाइल मागा, आणि शेवटच्या सेलमध्ये सूत्र आहे की नुसता आकडा, ते बघा.

सलग 12 महिन्यांचे ब्रिज मागा, एका तिमाहीचा नको. एका महिन्याचा शेवट पुढच्या महिन्याच्या सुरुवातीशी रुपयाला जुळला पाहिजे; परतलेल्यांना नवे म्हटलं असेल तर मंदीच्या महिन्यात तीच दुकानं गेलेल्यांत सापडतात.

या दोघांच्या करारात ‘आकडे व्यवस्थापनाच्या अंदाजाचे आहेत’ अशी ओळ होती, आणि विकणारा आज तिच्यामागे उभा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार देता येते, पण सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि अशी ओळ असली की प्रकरण दिवाणी म्हणून ढकललं जातं. ती ओळ काढायला लावा. ग्राहकनिहाय यादी विकणाऱ्याच्या सहीने कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, आणि रकमेचा एक भाग पुढच्या 31 मार्चचा एमआरआर बँक जमेवरून मोजून झाल्यावरच द्यायचा, असं लिहून घ्या.