रात्रभराचं नाटक फोर-केमध्ये करायचं की नाही: केडेनलाइव्हवर एक हंगाम काढल्यावर

झाडीपट्टीतलं नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि पहाटे संपतं. सहा तासांचा प्रयोग, तीन कॅमेरे, म्हणजे अठरा तासांचं फुटेज. वडसा-आरमोरी पट्ट्यात मी अशी नाटकं शूट करतो. दिवाळीनंतरच्या मंडयांपासून या हंगामाचं सगळं एडिटिंग केडेनलाइव्हवरच केलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, मल्टिकॅमचं टूल आहे, आणि तिन्ही कॅमेऱ्यांच्या आवाजावरून क्लिप एका रेषेत आणून देतं. एवढ्यावर मी खूश आहे. पण मंडळवाले ठरवतानाच म्हणतात, "भाऊ, फोर-केच पायजे बरं." तेव्हा हो म्हणायचं की नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते आपल्याला आधी मोजावं लागतं, आणि या अनुभवात मला मुख्यतः तेच लिहायचं आहे.

आधी डिस्क. फाइल किती मोठी होईल हे रिझोल्यूशनवर थेट ठरत नाही, बिटरेटवर ठरतं. एका सेकंदाला किती मेगाबिट लिहिले जातात, तो आकडा घ्यायचा आणि 0.45 ने गुणायचं. तासाला किती जीबी लागतील ते निघतं. (तासाचे 3600 सेकंद, आठ बिटांचा एक बाइट, हजार एमबीचा एक जीबी, म्हणून 0.45.) बिटरेट कॅमेऱ्याच्या जाहिरातीवरून घेऊ नका. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर, स्टेजच्या उजेडात पाच मिनिटं शूट करा आणि ffmpeg सोबत येणाऱ्या ffprobe ने, कमांड लाइनवर, फाइललाच विचारा:

```
ffprobe -v error -show_entries format=duration,bit_rate -of default=nw=1 C0001.MP4
```

उत्तरात `bit_rate` बिटमध्ये येतो. 100000000 आला तर तो 100 एमबीपीएस. माझे कॅमेरे फोर-केला 100 आणि एचडीला 50 एमबीपीएसने लिहितात. म्हणजे फोर-केचा एक तास 45 जीबी आणि एचडीचा साडेबावीस. अठरा तासांना गुणलं की फोर-के 810 जीबी, एचडी 405 जीबी. पिक्सेल चौपट असूनही फाइल दुप्पटच होते, म्हणून इथपर्यंत फोर-के स्वस्त वाटतं. विंडोज मात्र हेच 810 जीबी 754 म्हणून दाखवतं, कारण त्याचा जीबी 1024 च्या हिशोबाचा असतो. नवी 2 टीबीची डिस्क त्याच कारणाने 1863 दिसते. दोन्ही आकडे एकाच मापात धरले की घोळ होत नाही.

मूळ फुटेजवर काम थांबत नाही. प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या फाइली. माझ्या सेटिंगला त्या 5 एमबीपीएसच्या आसपास येतात, म्हणजे अठरा तासांना 40 जीबी. ही जागा फार नाही, पण ती कुठं जाते ते बघा. केडेनलाइव्हला वेगळं सांगितलं नाही तर प्रॉक्सी, थंबनेल आणि टाइमलाइन प्रिव्ह्यू सिस्टिमच्या ड्राइव्हवर साठत राहतात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फोल्डर बदलून द्यावं. तिथंच `Cache Data` या टॅबमध्ये कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. दर दोन-तीन दिवसांनी तिकडं नजर टाकायची मला आता सवय झाली आहे.

मग तयार फाइल. यूट्यूबसाठी फोर-के 35 ते 45 एमबीपीएस आणि एचडी 8 एमबीपीएस, असे त्यांचेच आकडे आहेत. फोर-केला 40 धरला तर सहा तासांचे 108 जीबी, एचडीचे साधारण 22. मी रेंडर तुकड्यांत करतो आणि शेवटी जोडतो, म्हणून हीच जागा दोनदा लागते. सगळं मिळून फोर-केचं एक नाटक 1066 जीबी मागतं आणि एचडीचं 490. फुटेजची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, ती वेगळीच. दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा नियम मी मोडत नाही. मंडळ पुढच्या गावाला निघून गेलेलं असतं, तोच प्रयोग परत कुठून आणणार?

मेमरीबद्दल लोक चुकीचा प्रश्न विचारतात. नाटक सहा तासांचं आहे म्हणून रॅम जास्त लागत नाही. एका वेळी किती फ्रेम उघड्या आहेत, त्यावर ती ठरते. फोर-केची एक फ्रेम 3840 गुणिले 2160 पिक्सेलची, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे 33 एमबी. एचडीची 8.3 एमबी. मल्टिकॅममध्ये तीन कॅमेरे एकदम दिसतात, तेव्हा एका क्षणाच्या तीन फ्रेमच 100 एमबी होतात आणि सेकंदाला पंचवीस वेळा बदलतात. त्यात डीकोडर पुढच्या-मागच्या काही फ्रेम धरून ठेवतो, रेंडरच्या वेळी एन्कोडरही ठेवतो. x264 या एन्कोडरची नेहमीची सेटिंग चाळीस फ्रेम पुढं बघून ठेवते, फोर-केला तेवढ्यालाच अर्धा जीबी जातो.

ही बेरीज कागदावर पूर्ण होत नाही, म्हणून मशीनवर बघा. तिन्ही कॅमेऱ्यांची वीस-वीस मिनिटं टाइमलाइनवर टाका, प्रॉक्सी बंद ठेवा आणि रेंडर लावा. टास्क मॅनेजरमध्ये पाचव्या मिनिटाला आणि पंधराव्या मिनिटाला मेमरी किती आहे ते लिहा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर सहा तासांनाही तेवढीच लागेल. दुसरा आकडा ठळकपणे वाढलेला असेल तर तो पुढंही वाढणार, आणि रेंडरचे तुकडे लहान करावे लागणार. मेमरी पुरली नाही हे ओळखायचं कसं? प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर येतो आणि डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर राहते. सॉफ्टवेअर अडकलेलं नसतं, रॅममधला माल डिस्कवर ये-जा करत असतो. माझ्याकडं 16 जीबी आहे. प्रॉक्सीवर एडिटिंग आरामात होतं. तिन्ही कॅमेरे फोर-के असताना रेंडर होतं, पण दुसरं काहीच उघडून चालत नाही.

रेंडरच्या वेळेचा अंदाज मात्र नीट बसून काढावा, सगळा निर्णय त्यावरच आहे. एकच मिनिट रेंडर करून त्याला 360 ने गुणणं बरोबर नाही, कारण नाटकाची सगळी मिनिटं सारखी नसतात. संवादाच्या प्रवेशात एकच कॅमेरा चालू असतो, थोडा कलर करेक्शन असतो. लावणीत लाइट सारखे बदलतात, धूर असतो, कट भरभर पडतात. काही ठिकाणी एका चित्रातून दुसरं येतं किंवा दोन चित्रं शेजारी-शेजारी असतात. या तिन्हींचा एकेक नमुना रेंडर करा, लागलेल्या वेळेला नमुन्याच्या लांबीने भागा. माझ्या सहा कोअरच्या मशीनवर फोर-केला संवाद दुप्पट वेळ घेतात, गाणी तिप्पट, मिश्र प्रसंग चौपट. एका नाटकात संवाद चार तास, गाणी दीड तास, मिश्र अर्धा तास होते. मग 8, साडेचार आणि 2 मिळून साडेचौदा तास. तेच नाटक एचडीला साधारण पावणेचार तासांत निघतं. केडेनलाइव्हमध्ये बहुतेक इफेक्ट प्रोसेसरवर चालतात, त्यामुळं पिक्सेल चौपट झाले की वेळही जवळपास चौपट होतो. ग्राफिक्स कार्डाने एन्कोडिंग सुटतं, इफेक्टचं ओझं तसंच राहतं. मला या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी मर्यादा हीच वाटते.

नमुना मशीन गरम झाल्यावर घ्यायचा. थंड मशीनवर पहिली काही मिनिटं वेग चांगला दिसतो, मग तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये खोलीतच चाळीसच्या पुढं असतं, तिथं जानेवारीचा आकडा लागू पडत नाही. मी आधी वीस मिनिटं काहीतरी रेंडर करत ठेवतो आणि नंतर घड्याळ लावतो.

आणि प्रॉक्सी बनायलाही वेळ लागतो, तो बहुतेक जण हिशोबात धरत नाहीत. दहा मिनिटांच्या फोर-के क्लिपला साडेतीन मिनिटं लागली, तर अठरा तासांना सहा तास. ती रात्र एडिटिंगच्या आधीच गेली.

साडेचौदा तास म्हणजे लाइन जाणारच. 12 व्होल्ट, 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. बॅटरी पूर्ण खाली करता येत नाही आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. 200 वॉटच्या मशीनला पाच तासांच्या वर धरू नये. एचडीचं पूर्ण रेंडर त्यात बसतं, फोर-केचं नाही. म्हणून फोर-के पाच तुकड्यांत, पडदा पडतो तिथं तोडून करायचं. एकेक तुकडा तीन तासांच्या आसपास येतो आणि लाइन गेली तरी जातो तो एकच तुकडा. सगळ्या तुकड्यांची रेंडर सेटिंग तंतोतंत सारखी असेल तर पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात. `list.txt` मध्ये एका ओळीत एक, `file '1.mp4'` अशी नावं लिहायची:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy natak.mp4
```

जोडताना डिस्कच्या कॉपीइतकाच वेळ लागतो. जोडलेल्या जागी आवाज घसरलेला वाटला तर एखाद्या तुकड्याची सेटिंग वेगळी गेली आहे असं समजा.

अपलोडही आधीच मोजा. 10 एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तर 108 जीबीला बरोबर चोवीस तास लागतात, 22 जीबीला पाच. गावात तो वेग सलग चोवीस तास राहिलेला मी पाहिला नाही, म्हणून फोर-केची फाइल मी डिस्कवरच देतो.

एवढं मोजून मी आता बहुतेक नाटकांना मधला रस्ता घेतो. पूर्ण स्टेज दाखवणारा मधला कॅमेरा फोर-के, बाजूचे दोन एचडी आणि प्रोजेक्ट एचडीचा. फुटेज 540 जीबी होतं, प्रॉक्सी आणि तयार फाइल धरून 625 च्या आत. मधल्या कॅमेऱ्याचं चित्र दुप्पट मोठं केलं तरी एचडी पूर्ण राहतं, म्हणजे एका कॅमेऱ्यातून दोन-तीन फ्रेमिंग मिळतात. हार्मोनियमवाला, कोपऱ्यातला विनोदी नट, हे सगळं नंतर काढता येतं. रेंडर एचडीपेक्षा थोडं जास्त, पण एका रात्रीत निघतं. स्टेजच्या मंद उजेडात बाजूच्या कॅमेऱ्यांना फोर-केचा फायदाही दिसत नाही, तिथं दाणेच जास्त दिसतात.

तिन्ही कॅमेरे फोर-के मी दोन तासांच्या कार्यक्रमाला घेतो, कीर्तन किंवा सत्कारासारख्या. फुटेज 270 जीबी, रेंडर पाचेक तास. असं शूटही उजेड चांगला असेल तरच. सहा तासांच्या नाटकाला कोणी पूर्ण फोर-के मागितलं तर नमुन्याचा कागद पुढं ठेवतो: दोन 2 टीबीच्या डिस्क त्यांच्याकडून, आणि फाइल हातात द्यायला आठवडा.