ताजा सुजलेला गुडघा: लॅचमन, ड्रॉवर की पिव्हट शिफ्ट?

खेळताना पाय मुरगळला, आतून 'कट्' असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. असा रुग्ण समोर आला की एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकण्यापासून रोखणारे गुडघ्यातले लिगामेंट, तुटले आहे का, हे एमआरआयच्या आधी हातांनीच ठरवावे लागते. त्यासाठी लॅचमन, ड्रॉवर आणि पिव्हट शिफ्ट या तीन चाचण्या सर्रास वापरल्या जातात. ताज्या दुखापतीत त्यांतल्या एकाच चाचणीवर विसंबायचे असेल, तर मी लॅचमन निवडतो.

2006 साली 28 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लॅचमनची संवेदनशीलता 85 टक्के आली, म्हणजे एसीएल खरोखर तुटलेल्या 100 गुडघ्यांपैकी साधारण 85 गुडघे ती ओळखते. पिव्हट शिफ्टने जेमतेम 24 ओळखले. ड्रॉवरचे आकडे दोन आहेत: जुन्या दुखापतीत 92, ताज्या दुखापतीत 49. लिगामेंट तेच, चाचणीही तीच, तरी एवढा फरक पडतो. असे का होते हे समजले की कुठली चाचणी कधी करायची हा प्रश्न बराचसा सुटतो.

ड्रॉवरसाठी गुडघा 90 अंशांत वाकवावा लागतो. रक्ताने भरलेला गुडघा बहुधा तिथपर्यंत जातच नाही. गेला तरी दुखण्यामुळे मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आखडतात, आणि 90 अंशांत त्यांची ओढ नेमकी मागच्या दिशेने असते. आपण नडगीचे हाड पुढे ओढतो, तर ते स्नायू तेच हाड मागे धरून ठेवतात. शिवाय आतल्या मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची, मागची कड दाराखाली पाचर बसावी तशी अडते. लॅचमनमध्ये गुडघा 20 ते 30 अंशांतच असतो. तिथे हॅमस्ट्रिंगची ओढ बरीचशी नडगीच्या लांबीला समांतर जाते, त्यामुळे पुढची हालचाल रोखायला तिचा जोर कमी पडतो. पाचरही फारशी आड येत नाही. सुजलेला गुडघा आपसूक याच कोनात विसावतो, त्यामुळे रुग्णालाही फार सोसावे लागत नाही.

लॅचमन करताना एका हाताने मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर घट्ट धरायचे. दुसरा हात नडगीमागे आणि अंगठा पुढच्या उंचवट्यावर ठेवून नडगी पुढे ओढायची. हाड किती सरकले एवढेच पाहून थांबू नये. सरकणे शेवटी दोर ताणल्यासारखे टणक थांबते, की मऊ आणि अस्पष्ट? या शेवटच्या क्षणाला मी जास्त महत्त्व देतो. आधी धडधाकट गुडघा तपासावा, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. दोन्ही बाजूंत 3 मिलिमीटर किंवा जास्त फरक असेल तर संशय पक्का होतो. मांडी जाड आणि तपासणाऱ्याचा हात लहान असेल, तर पकड सुटते आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. अशा वेळी आपली मांडी रुग्णाच्या गुडघ्याखाली सरकवून आधार द्यावा.

फसगत उलट दिशेनेही होते. नडगीला मागे जाण्यापासून रोखणारे लिगामेंट, पीसीएल, तुटले असेल तर नडगी आधीच मागे पडलेली असते. ती ओढून नुसती मूळ जागी आली, तरी एसीएल गेल्यासारखे वाटते. म्हणून ड्रॉवर करण्याआधी दोन्ही गुडघे 90 अंशांत ठेवून बाजूने पाहावेत आणि नडगी मागे झुकली आहे का ते ताडावे.

पिव्हट शिफ्टचा स्वभाव वेगळा आहे. सरळ पाय आत वळवून, बाहेरून आत दाब देत हळूहळू वाकवला, की पुढे निसटलेली नडगी 20 ते 40 अंशांच्या दरम्यान झटक्याने जागेवर बसते. हा झटका जाणवला तर निदान जवळपास पक्के, कारण तिची विशिष्टता 98 टक्के आहे, म्हणजे एसीएल शाबूत असलेल्या 100 गुडघ्यांपैकी साधारण 98 गुडघ्यांत ती नकारात्मकच येते. पण शुद्धीत असलेला रुग्ण तो झटका येऊ देत नाही, स्नायू आवळून धरतो. म्हणून नकारात्मक पिव्हट शिफ्टवरून एसीएल शाबूत आहे असे कधीही लिहू नये.

एक उदाहरण घेऊ. फुटबॉल खेळणारा तरुण, दुखापतीचा तिसरा दिवस. गुडघा 70 अंशांपुढे वाकत नाही, म्हणजे ड्रॉवर बाद. पिव्हट शिफ्ट सुरू करताच तो पाय आखडून घेतो. लॅचमनला मात्र दुसऱ्या बाजूपेक्षा अंदाजे 7 मिलिमीटर जास्त सरक आणि शेवट मऊ. 'एसीएल तुटल्याचा दाट संशय' असे लिहून एमआरआयला पाठवायला एवढे पुरेसे आहे. लॅचमनही संदिग्ध असती, तर पट्टा, बर्फ आणि आराम देऊन सात-दहा दिवसांनी, सूज ओसरल्यावर तिन्ही चाचण्या पुन्हा केल्या असत्या. पुढे शस्त्रक्रिया ठरली तर भूल दिल्यावर पिव्हट शिफ्ट पुन्हा करावी. स्नायू सैल पडलेले असल्याने तिसऱ्या दिवशी न मिळालेला झटका तिथे अनेकदा स्पष्ट मिळतो.