स्क्रीनशॉटमधली बचतीची ओळ मी वाचली नाही, आणि 1,560 गेले

टॅब घ्यायचा होता. ज्या कार्डवर ऑफर होती ते माझ्याकडे नव्हतं. खरेदीच्या एका ग्रुपवर एक गृहस्थ नेहमी टाकायचे, "कार्ड माझं, फायदा तुमचा." ओळखीतल्या दोघांनी त्यांच्याकडून वस्तू मागवल्या होत्या, म्हणून मीही विचारलं. लगेच उत्तर आलं, "ताई, 24,000 ची वस्तू तुम्हाला फक्त 19,200 ला पडेल. निर्धास्त राहा."

हिशेबही त्यांनीच लिहून पाठवला. कूपनचे 1,200 वजा, बँकेचे दहा टक्के म्हणजे 2,400 वजा, कार्डाचा पाच टक्के कॅशबॅक म्हणजे 1,200 वजा. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर होती, पण मांडणीच चुकीची होती हे मला तेव्हा उमगलं नाही. एक तर दोन्ही टक्के मूळ 24,000 वर काढले होते. प्रत्यक्षात कूपन आधी लागतं, बँकेची सूट उरलेल्या रकमेवर बसते आणि कॅशबॅक शेवटी कार्डावरून जे कापलं जातं त्यावर. शिवाय बँकेच्या सवलतीला वर मर्यादा असते. ती "कमाल 1,500" अशी बारीक अक्षरांत ऑफरच्या पट्टीवरच छापलेली होती. मी फक्त ठळक 10% वाचलं.

मग स्क्रीनशॉट आला. छापील किंमत 32,000, त्यावर सवलत 8,000, कूपन 1,200, हाताळणी शुल्क 60, आणि एकूण 22,860. वर बँक ऑफरची रंगीत पट्टी, खाली हिरव्या अक्षरांत "या ऑर्डरवर तुमची बचत 9,200". मी विचारलं, "दादा, बँकेचे पैसे कुठे वजा झाले?" ते म्हणाले, "ते नंतर कॅशबॅकमध्ये येतात, कार्डाच्याच बरोबर. तीन महिने लागतात. आले की दोन्ही तुम्हाला पाठवतो." मी 22,860 पाठवून दिले.

इथे जरा थांबते, कारण फसवणूक इथेच झाली आणि ती माझ्या हातातल्या फोनवर स्पष्ट दिसत होती. तो स्क्रीनशॉट कार्टचा होता, पैसे भरण्याच्या पानाचा नव्हता. खालच्या बटणावर `Continue` होतं, `Pay` नव्हतं. बँकेची तत्काळ सूट कार्टमध्ये वजा होतच नाही, कारण तुम्ही कोणतं कार्ड वापरणार हे दुकानाला अजून माहीतच नसतं. कार्डाचा नंबर टाकला की पुढच्या पानावर रक्कम खाली येते. वरची पट्टी ही नुसती जाहिरात. ती दिसते म्हणजे सूट लागली असं नाही.

बटण कापून टाकलं असतं तरी बचतीच्या ओळीवरून कळलं असतं. 8,000 अधिक 1,200 म्हणजे बरोबर 9,200. म्हणजे या आकड्यात बँकेचा एक पैसाही धरलेला नाही. तो धरला असता तर तिथे 10,700 दिसायला हवे होते. ही बेरीज करायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण हिरवा रंग बघून मीच खूश झाले.

टॅब आला आणि दोन दिवसांत त्याच्या पडद्याचा एक कोपरा स्पर्शाला दाद देईना. परत केला. परतीचे पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर येतात, म्हणजे ते त्यांच्याकडेच येणार होते. आठवड्याने त्यांनी मला 21,300 पाठवले आणि पुराव्यादाखल आणखी एक स्क्रीनशॉट. "रिफंड 21,300. ताई, कूपन वापरलं की बुडतं, आणि ते शुल्क परत मिळत नाही. माझ्या खिशातून मी कसं देणार?"

ऐकायला पटण्यासारखं होतं. मी रात्री वही घेऊन बसले तेव्हा ते पटेना. मी दिले 22,860, आले 21,300, फरक 1,560. शुल्काचे 60 सोडा, तिथे त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. उरले 1,500. कूपन तर 1,200 चं होतं! आणि कूपन बुडो की तरो, ते मी दिलेल्या 22,860 मध्ये नव्हतंच. ते वजा होऊनच तो आकडा आला होता. जे मी भरलंच नाही ते माझ्या पैशांतून पुन्हा कसं कापणार?

मग हे 1,500 कुठले? पहिला स्क्रीनशॉट मोठा करून बघितला आणि पट्टीवरचं "कमाल 1,500" दिसलं. आता सगळं जुळलं. 24,000 मधून कूपन गेल्यावर 22,800. त्याचे दहा टक्के 2,280, पण मर्यादा 1,500 ची, म्हणून 21,300. त्यात शुल्काचे 60 मिळवले की 21,360. त्यांच्या कार्डावरून त्याच दिवशी 21,360 गेले होते आणि माझ्याकडून त्यांनी 22,860 घेतले होते. तीन महिन्यांनी येणारा म्हणून सांगितलेला "बँकेचा कॅशबॅक" पहिल्याच दिवशी त्यांच्या पदरात पडला होता. वस्तू परत गेली नसती तर मला हे कधीच कळलं नसतं. तीन महिन्यांनी "ताई, ऑफर नामंजूर झाली" असं उत्तर आलं असतं आणि मी हळहळून गप्प बसले असते.

हेही मोजून पाहिलं की सगळं प्रामाणिकपणे झालं असतं तर टॅब कितीला पडला असता. 21,360 चे पाच टक्के 1,068, म्हणजे 20,292. तोही कॅशबॅक खरोखर आला तर, आणि त्यांनी तो पुढे दिला तर. 19,200 हा आकडा कुठल्याच मार्गाने येत नाही. आता कोणी "पडेल" अशी किंमत सांगितली की मी कॅशबॅक शून्य धरते, आणि कार्डातून नेमकं किती कापलं गेलं तेवढंच विचारते. कार्टचा फोटो नको. ऑर्डर झाल्यानंतरचं तपशिलाचं पान हवं, वरपासून खालपर्यंत, न कापलेलं. आणि बँकेकडून आलेला रक्कम कापल्याचा मेसेज. दोन्हीकडे आकडा एकच असला पाहिजे. ज्याला पैसे मिळवायचे नसतात त्याला हे दाखवायला अडचण नसते, असा माझा अनुभव आहे. माझ्या धाकट्या दिराने तर विचारायच्या आधीच पाठवलं.

त्या गृहस्थांना मी माझा हिशेब पाठवला आणि तपशिलाचं पान मागितलं. निळ्या खुणा दोन दिवस तशाच. तिसऱ्या दिवशी खात्यात 300 आले आणि खाली एक ओळ, "कूपन 1,200 आणि शुल्क 60 धरून 1,260 होतात, माझ्याकडून 300 जास्त कापले गेले. चुकून झालं." म्हणजे माणूस गणितात पक्का होता. ते 1,260 अजून आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांनी ग्रुपवर एका वॉशिंग मशीनचा स्क्रीनशॉट टाकला. मी तो उघडून सरळ खाली गेले. रंगीत पट्टी वर जागच्या जागी होती, एकूण रक्कम होती. बचतीची ओळ मात्र या वेळी कापलेली होती.