निफ्टीत ऑप्शन विकायचे तर वीकली की मंथली?

सांगलीत आमच्या ओळखीत ऑप्शन विकणारे वाढलेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, वीकली विकू का मंथली. बहुतेक जण वीकलीकडे जातात कारण थिटा, म्हणजे दिवसागणिक प्रीमियम गळणं, जोरात चालतो, मंगळवारी एक्सपायरी की विषय संपला. बँक निफ्टीची वीकली नोव्हेंबर २०२४ पासून बंद आहे म्हणून मी निफ्टीचंच बोलतो.

निफ्टी २५००० धरा, आयव्ही म्हणजे प्रीमियममध्ये धरलेला वार्षिक चढउतार १२ टक्के, आणि २५००० चा कॉल पुट दोन्ही विकले म्हणजे शॉर्ट स्ट्रॅडल. एक्सपायरीला दोन दिवस असतील तर दोन्ही मिळून साधारण १७७ पॉइंट येतात, अठ्ठावीस दिवस असतील तर ६६३ च्या आसपास. आता एक दिवस मार्केट जागचं हललं नाही आणि आयव्हीही तेवढीच राहिली, तर वीकलीत ५२ पॉइंट खिशात, मंथलीत फक्त १२. इथपर्यंत बघून लोक म्हणतात वीकलीच भारी.

पण तोच दिवस ३०० पॉइंट हलला तर? वीकली स्ट्रॅडल १७७ चा ३०३ होतो, म्हणजे १२६ पॉइंट लॉस, ६५ च्या लॉटला आठ हजारांच्या वर. मंथलीत तीच हालचाल ३३ पॉइंटला, म्हणजे एकवीसशे रुपयांना पडते. थिटा जवळपास चौपट मिळाला तसा गॅमाही, म्हणजे मार्केट हललं की वेगाने वाढणारा धोकाही, जवळपास चौपटच अंगावर घेतला, दोन्ही एकाच सूत्रातून येतात त्यामुळे एक वाढवून दुसरा कमी ठेवता येत नाही. १२ टक्के आयव्हीला ब्रेकइव्हन हालचाल दोन्हीकडे दिवसाला साधारण १५७ पॉइंटच आहे. मार्केट रोज त्याच्या आत राहिलं तर दोन्हीत पैसे, बाहेर गेलं तर दोन्हीत लॉस. म्हणजे जास्त थिटा म्हणून वीकलीत जास्त कमाई हे गणित मुळातच चुकीचं आहे, वीकलीत फक्त तोच डाव चौपट मोठा खेळला जातो.

मग मंथली सेफ का? तसंही नाही, आणि हे फार कमी लोक बघतात. त्या ३०० पॉइंटच्या दिवशी आयव्ही १२ वरून १४ झाली, म्हणजे दोनच टक्के वाढली, तर मंथली स्ट्रॅडलला आणखी शंभरेक पॉइंट लागतात, ३३ चा लॉस १३४ वर जातो, म्हणजे वीकलीएवढाच! वीकलीवर त्याच वाढीचा फरक तीन-चार पॉइंट, अर्थात घबराटीत वीकलीची आयव्ही जास्त उसळते हे खरं, पण उरलेला वेळच इतका कमी की तिचा फार परिणाम होत नाही. फरक असा की आयव्हीने झालेला लॉस आयव्ही खाली आली की परत मिळतो आणि मंथलीत वाट बघायला दिवस असतात. वीकलीत ३०० पॉइंटचा गॅप आला की उरलेल्या एका दिवसात निफ्टी माघारी आला तरच सुटका.

एक्सपायरीच्या दुपारी तर वीकली वेगळाच प्राणी होतो. दोन वाजता २५००० च्या आसपास मार्केट घुटमळत असेल तर ४०-५० पॉइंटच्या हालचालीतही तुमचा कॉल फ्युचरसारखा वागण्याकडे झपाट्याने सरकतो, हेज करेपर्यंत मार्केट परत फिरतं आणि हेजमध्येही मार खाता. सेटलमेंट शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर होतं, त्यामुळे तीननंतर स्क्रीनवरचा भाव आणि तुमचा हिशोब जुळेलच असं नाही. वर सेबीच्या नियमाने एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या प्रत्येक लॉटला काँट्रॅक्ट व्हॅल्यूच्या २ टक्के जादा मार्जिन लागतं, २५००० ला ६५ चा लॉट म्हणजे साडेबत्तीस हजार, म्हणून खात्यात सगळं मार्जिन वापरून बसला असाल तर त्या दिवशी सकाळीच अडचण.

मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका मित्राने हेच विचारलं. सौदे चालू असताना त्याला फोन बघायलाही सवड नसते. त्याला म्हटलं, तू मंथलीच विक, पण मंथलीचा शेवटचा आठवडा म्हणजे वीकलीच असते, म्हणून एक्सपायरीच्या सात-आठ दिवस आधी पोझिशन काप आणि पुढच्या महिन्यात जा. आयव्ही खूप खाली असताना मात्र मंथली विकू नकोस, कारण तिथून वाढायलाच जागा असते आणि तुझा मोठा धोका तोच आहे.

वीकली त्याने विकावी ज्याला सोमवार-मंगळवार दिवसभर स्क्रीनसमोर बसता येतं, आणि तेही लॉट कमी करून. मंथलीत चार लॉट विकत असाल तर दोन दिवस उरलेल्या वीकलीत एकच लॉट, तरच गॅमा सारखा राहतो. लोक उलटं करतात, वीकलीचा प्रीमियम कमी दिसतो म्हणून लॉट वाढवतात, आणि खाती रिकामी होतात ती तिथेच. लांबचा कॉल-पुट विकत घेऊन दोन्ही बाजू झाकल्या तर गॅप कितीही मोठा आला तरी लॉसला मर्यादा राहते, वीकलीत तर हे मी ऐच्छिक मानतच नाही.