टी-शर्टचा मॉकअप: रेडीमेड पीएसडी वापरायची की आपल्याच टी-शर्टचा फोटो?

आमच्या तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, आन कबड्डीचे ऑर्डर येतात, त्यात मागच्या वर्षी एका पट कमिटीचे ६० मरून टी-शर्ट होते, छातीवर पांढऱ्या-पिवळ्या रंगात बैलजोडी. मी मॉकअपसाठी, म्हणजे छापायच्या आधी टी-शर्ट कसा दिसेल ते दाखवायला, नेटवरची रेडीमेड पीएसडी म्हणजे फोटोशॉपची लेयरवाली फाइल घेतली, डिझाइन टाकलं, व्हॉट्सॅपवर पाठवलं, कमिटीने पाच मिनिटात ओके केलं. माल आल्यावर अध्यक्ष म्हणे, "भाऊ, फोटोत बैल छातीवर होते, हे तं पोटावर चरून राह्यले." आणि ते खरंच होतं. तेव्हापासून मी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून वापरतो, म्हणून ज्याला ठरवायचं आहे त्याच्यासाठी लिहितो.

रेडीमेड पीएसडीचा फायदा म्हणजे वेळ. स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणजे डिझाइन टाकायचा तयार लेयर, त्यावर डबल क्लिक, डिझाइन पेस्ट, सेव्ह, झालं. फोटोपीमध्ये ब्राउझरवरच उघडते, फोटोशॉप नसलं तरी चालते. घड्या, सावल्या, सगळं आधीच बसवलेलं असते, स्टेटसला टाकायला झकास दिसते. पण त्या स्मार्ट ऑब्जेक्टच्या चौकोनाला इंचाशी काही देणंघेणं नसते, आन आपल्या बैलजोडीत गडबड तिथेच झाली. चौकोनाच्या मधोमध डिझाइन ठेवलं की सडपातळ मॉडेलच्या अंगावर ते छातीवरच वाटते, प्रिंटरने मात्र त्याच अंदाजाने लावलं तेव्हा डिझाइनचा वरचा काठ कॉलरच्या शिवणीपासून साडेपाच इंच खाली गेला. डिझाइन होतं १२ इंच उंच, म्हणजे खालचा काठ साडेसतरा इंचावर. एल साइजचा टी-शर्ट जवळपास २८ इंच लांब असते, आता पाहा ते कुठे येते. मोठ्या माणसाच्या टी-शर्टवर वरचा काठ कॉलरच्या शिवणीपासून ३ इंच आणि रुंदी १० ते १२ इंच, हे धरून चालावं. छोटा लोगो असला तर घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, साडेतीन-चार इंच रुंद. घालणाऱ्याच्या डाव्या, म्हणजे फोटोत आपल्याला उजवीकडे दिसते, यात पुष्कळ जण चुकतात.

आपला फोटो घेतला की हे मोजता येते. ज्या टी-शर्टवर छापणार तोच घ्यायचा, एल साइजचा, सपाट पसरवायचा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्यायचा म्हणजे घड्यांना सावली पडते. मोबाइल बरोबर वरून धरायचा, जरा उंच, आणि झूम करायचं, जवळून काढला तर कडा वाकड्या येतात. मग टेपने काखेच्या खालून शिवण ते शिवण मोजायचं. माझं आलं २१ इंच, फोटोत तेच अंतर १२६० पिक्सेल होतं, म्हणजे १ इंचाला ६० पिक्सेल. डिझाइन ११ इंच रुंद पाहिजे तं ६६० पिक्सेल, कॉलरपासून ३ इंच म्हणजे १८० पिक्सेल. एवढा हिशोब केला की मॉकअप खोटं बोलत नाही. आणखी एक, छपाईत डिझाइन सगळ्या साइजला बहुतेक वेळा एकच असते, म्हणून एस आणि डबल एक्सएलचाही एकेक फोटो ठेवत जा, तेच ११ इंच एसवर भरगच्च आणि डबल एक्सएलवर लहानसं दिसते.

घड्या डिझाइनवर उतरवायला Displace फिल्टर लागते. फोटोची कॉपी काळी-पांढरी करायची, ४ पिक्सेलच्या आसपास Gaussian Blur द्यायचं, वेगळी पीएसडी म्हणून सेव्ह करायची, हाच Displace चा नकाशा. ब्लर नाही दिलं तर विणीचा एकेक धागा नकाशात येते आणि अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. मग डिझाइनच्या लेयरवर Filter > Distort > Displace, दोन्ही आकडे १० पासून सुरू करा आणि फाइल विचारली की तो नकाशा द्या. आता मरून किंवा काळ्या टी-शर्टवर एक भानगड होते. हे फिल्टर मधला करडा, म्हणजे १२८, याला "हलवू नको" समजते, आणि गडद कपड्याचा सगळाच फोटो त्याच्या खाली असते, मग घड्या राहतात बाजूला आणि अख्खं डिझाइनच तिरपं सरकते. १० वर आडवं आणि उभं प्रत्येकी जास्तीत जास्त १२-१३ पिक्सेल सरकेल, म्हणजे आपल्या मापात इंचाचा पाचवा भाग. उपाय सोपा आहे, नकाशावर Levels वापरून कपड्याचा सरासरी रंग १२८ जवळ आणायचा, मग फिल्टर.

तसंच Multiply. पांढऱ्या टी-शर्टवर काळी शाई असली तर मस्त चालते, मरूनवर पांढरी शाई ठेवली तर गायबच होते, कारण Multiply मध्ये पांढरं म्हणजे काहीच नाही. तिथे लेयर Normal ठेवा आणि Blend If मध्ये Underlying Layer ची काळी खूण Alt दाबून दोन भागात ओढा, घडीची सावली शाईतून हळूच वर येते.

शाईचा पोत ही रेडीमेडची दुसरी अडचण. पुष्कळ पीएसडीत शाई कपड्यात मुरल्यासारखी, जरा झिजलेली दिसते, ती वॉटरबेस शाईची चाल आहे, त्यात वीण दिसते. प्लास्टिसोल शाई कपड्याच्या वर बसते, आणि डीटीएफ तर फिल्मवरून उतरवलेला थर, त्याची कड गुळगुळीत, किंचित चमक. आपण डीटीएफ करणार आणि मॉकअप दाखवणार मुरलेल्या शाईचा, तर गिऱ्हाईक हात लावून विचारणारच की हे प्लास्टिक का लागते. म्हणून आपल्या मॉकअपमध्ये डीटीएफसाठी वीण जवळजवळ झाकून टाकतो आणि Displace चे आकडे ३-४ वर आणतो, कारण मोठा ठोस ठिगळासारखा भाग कपड्यासोबत बारीक घडी घेतच नाही, तो पत्र्यासारखा उभा राहते आणि घडी त्याच्या कडेला पडते. वॉटरबेसला ८-१० ठेवतो आणि वीण दिसू देतो. झिजलेला लुक पाहिजेच असेल तर तो डिझाइनमध्येच कापा, खरी भोकं पडली की थर नरमही होते, फक्त मोहरीपेक्षा बारीक ठिपके डीटीएफमध्ये ठेवू नका, धुतल्यावर निघतात.

ताणाचं मात्र दोन्ही पद्धतीत आपल्यालाच पाहावं लागते. Displace फक्त उजेड-सावली वाचते, कपडा ताणला हे त्याला कळत नाही, आणि ताणलेल्या जागी तं घडीच नसते. टी-शर्टचा सुती जर्सी कपडा लांबीपेक्षा रुंदीत जास्त ताणते, म्हणून गोल लोगो भरल्या छातीवर आडवा अंडाकृती होते. अंगावरचा फोटो असेल तर Warp ने मधला भाग ३-४ टक्के आडवा ओढून पाहा. आणि प्रत्यक्षात एक नमुना छापून रुंदीत हळूच ताणा, प्लास्टिसोलला तडे गेले तर शाई नीट भाजली गेली नाही, त्याला आतपर्यंत साधारण १६० डिग्री सेल्सिअस लागते. ही गोष्ट कोणत्याच मॉकअपमध्ये दिसणार नाही.

तर स्टेटस, कॅटलॉग, चार रंग पटापट दाखवायचे, तिथे रेडीमेड घ्या, मीपण घेतो. ओके घेऊन पैसे धरायचे असतील तर आपलाच फोटो, पहिल्यांदा दीड-दोन तास जातात, नंतर तीच फाइल त्या कपड्याच्या प्रत्येक ऑर्डरला चालते. पट कमिटीने यंदा परत ऑर्डर दिली, मी फोटोवर कॉलरपासून लाल रेघ ओढून "३ इंच" आणि डिझाइनखाली "११ इंच" लिहून पाठवलं. अध्यक्षाने घरचा टेप काढून स्वतःच्या छातीवर लावून पाहिला, म्हणे अर्धा इंच वर घ्या, आणि मग ओके दिलं.